मदत हवी आहे: तडजोडीच्या मसुद्यातलं हप्ता चुकल्याचं कलम

मध्यस्थीत जुन्या भागीदाराशी तडजोड झाली. टिपणात एवढंच होतं: "उरलेली रक्कम लवकरात लवकर द्यावी, मग दावा मागे घ्यावा." लवकर म्हणजे कधी, यावरच उद्या नवं भांडण! म्हणून मी असं लिहिलं: "तो 3 समान हप्ते दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत माझ्या खात्यात जमा करेल, पहिला 5 जूनला. शेवटचा जमा झाल्यावर 7 दिवसांत मी दावा मागे घेईन. हप्ता चुकला, आणि लेखी नोटीस मिळाल्यापासून 10 दिवसांतही भरला नाही, तर उरलेली सगळी रक्कम एकदम देय होईल."

पण मी पहिला हप्ता मिळताच दावा मागे घ्यावा, असं त्याला हवंय. मला ते धोक्याचं वाटतं. शेवटचा हप्ता जमा होईपर्यंत दावा नुसता स्थगित ठेवायचं कलम कसं लिहाल? आणि 5 तारखेला बँक बंद असली तर?