मदत हवी आहे: उशी काढली की गुडघा दुखतो, ठेवली की आखडतो

६६ वर्षांच्या काकू, उंची १५२ सेंमी, वजन ७४ किलो. उजव्या गुडघ्याची आतल्या बाजूची झीज मध्यम. किडनीच्या त्रासामुळे पोटातून घ्यायची वेदनाशामकं डॉक्टरांनी बंद केली आहेत, त्यांच्याच सल्ल्याने फक्त जेल लावतात.

अडचण अशी की रात्री बरं वाटतं म्हणून वर्षभर गुडघ्याखाली जाड उशी घेतली. आता पाय पूर्ण सरळ होत नाही, पलंगावर झोपवलं की गुडघ्याखालून माझी तीन बोटं आरपार जातात. वाकलेल्या गुडघ्यावर चालताना मांडीचा स्नायू सतत ताणलेला राहतो, म्हणून लवकर थकतो आणि दुखणं वाढतं.

सध्या टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, ५ सेकंद धरायचा, १० वेळा, दिवसातून तीनदा, असं चालू आहे. दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरलं नाही तर निम्मं करतो. वजन १ किलो उतरलं तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोने हलका होतो, त्यामुळे ६७ किलोचं लक्ष्य ठेवलंय.

उशी सोडवताना रात्रीच्या दुखण्याचं तुम्ही काय करता? कुशीवर वळवून दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी दिली, पण झोपेत पाय पुन्हा मुडपतो. आणि तीन महिने नीट व्यायाम करूनही झोपमोड होत राहिली, घरातलं चालणं अडलं, तर सांधेबदलासाठी पाठवावं असं मला वाटतं. आखडलेपण वाढायच्या आधीच पाठवावं का?