‘वाद जिंकणे’ ही मराठी नव्हेच!

शुद्धमती: भाषेतल्या रूपकांवर लिहिणाऱ्या लेकॉफ आणि जॉन्सन या दोघांनी १९८० मध्ये इंग्रजीचं जे पितळ उघडं पाडलं, ते वाचल्यापासून मला आपल्या भाषेचा अभिमानच वाटतोय. वाद म्हणजे युद्ध आणि वेळ म्हणजे पैसा, ही डोकी त्यांची. आपल्याकडे ‘वादे वादे जायते तत्त्वबोधः’. वाद ‘जिंकणं’, मुद्द्यावर ‘हल्ला करणं’, वेळ ‘खर्च करणं’ आणि ‘वाचवणं’ ही सगळी भाषांतरातून आलेली मराठी. ती बोलून बोलून आपण विचारही तसाच करायला लागलोय. हे शब्द सोडून देता येणार नाहीत का?

जुना_प्रूफरीडर: पहाटेचे साडेपाच वाजलेत, चहा अजून झालेला नाही आणि मी हे टंकतोय. यावरून काय ते समजा.

ताई, ‘आम्हां घरीं धन शब्दाचींच रत्नें, शब्दाचींच शस्त्रें’ हे तुकोबांनी सतराव्या शतकात म्हटलं. शस्त्र म्हणजे शस्त्रच, आणि शेजारी धनही आहे. ते कुठल्या इंग्रजीतून आणलं? न्याय या आपल्या जुन्या तर्कशास्त्रात तर वादात हरल्याच्या खुणांची मोजून बावीस निग्रहस्थानं दिली आहेत. तत्त्वबोधाची गोष्ट खरी, पण हरजीत मोजायची हौसही इथलीच.

आणि तुमचा खरा घोळ वेगळाच आहे. तुम्ही एकेक शब्द उचलून ‘हा युद्धातला, हा पैशातला’ असे शिक्के मारताय. रूपक जिवंत आहे की नाही, हे एका शब्दावरून कळत नाही. तो शब्द धरून पुढे चालत जायचं आणि साखळी किती लांब जाते ते पाहायचं. वादाची ठिणगी पडते. मग कुणीतरी हवा देतं, कुणी तेल ओततं, भडका उडतो. वरवर विझल्यासारखा वाटला तरी आत धुमसत राहतो. मध्ये पडणाऱ्याचे हात भाजतात आणि तिसराच कुणी त्यावर आपली पोळी भाजून घेतो. मराठी माणसाच्या डोक्यात भांडण म्हणजे मुख्यतः आग आहे. लढाई आहे, पण दुय्यम.

याने फरक काय पडतो ते बघा. लढाईत कुणीतरी जिंकतं. आग कुणी जिंकत नाही, ती विझवावी लागते. म्हणून भांडण झाल्यावर आळीत पहिला प्रश्न ‘कोण जिंकलं’ हा नसतो, ‘काडी कुणी टाकली’ हा असतो. तुम्ही आत्ता टाकलीत, तशी.

शुद्धमती: वा! म्हणजे युद्ध नाही, आग आहे, हे तुम्ही स्वतःच दाखवलंत आणि वर मलाच झापलंत. माझाच मुद्दा बळकट केल्याबद्दल आभार. बाकी तुकोबांचं धन म्हणजे शब्द. वेळ नव्हे. तिथे तुमची गाडी घसरली.

जुना_प्रूफरीडर: धनाबद्दलचं मान्य. घाईत घुसडलं ते. शस्त्रं मात्र परत घेणार नाही.

कट्ट्यावरचा: प्रूफरीडर सर, तुमची सगळी मदार आगीवर, पण आपण ‘दोघांची जुंपली’ असंही म्हणतो की. जुंपतात ते बैल. म्हणजे भांडण हे मूळचं शेतीतलं रूपक. इंग्रजांकडे युद्ध, आपल्याकडे औत. सरळ आहे.

जुना_प्रूफरीडर: इतकं सरळ नाही हो. जुंपणं म्हणजे एकत्र अडकवणं, तेवढं बैलांनाही लागू पडतं आणि भांडणाऱ्यांनाही. आता तीच कसोटी लावा, पुढे चालून पाहा. एका जुवाखालचे बैल एकाच दिशेने ओढतात, भांडणारे एकमेकांना. ‘भांडणाचं जू उतरवा’ किंवा ‘भांडणाचं तास वाकडं गेलं’ असं कुणी म्हणतं का? दुसऱ्या पावलाला साखळी तुटली. शब्द आहे, चित्र नाही. पण शेतीतलं एक देतो तुम्हाला, रिकामे परत जाऊ नका. न्यायसूत्रात जल्प म्हणजे जिंकण्यासाठीचा वाद आणि वितंडा म्हणजे नुसतं दुसऱ्याचं खोडणं, ही कशासाठी, तर कोवळ्या अंकुराभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात त्यासाठी, असं म्हटलंय. तावातावाने भांडायचं ते खऱ्याचं रोप गुरांनी खाऊ नये म्हणून.

माणदेशी: सगळे वादावरच अडकले. वेळेचं मी सांगतो. माझी आई रोजावर जायची. ‘रोज’ म्हणजे दिवस आणि ‘रोज’ म्हणजे त्या दिवसाची मजुरी, दोन्हीला शब्द एकच. पोरगं आजारी पडलं की आई म्हणायची, ‘आज रोज बुडाला.’ म्हणजे काय बुडालं, दिवस की पैसे? आमच्या घरात हा प्रश्नच पडत नव्हता. वेळ म्हणजे पैसा हे आम्हाला शिकवायला कुणी साहेब आला नाही. ज्यांच्या घरी महिन्याच्या महिन्याला पगार येतो त्यांना ते पुस्तकात सापडतं.

आणि पुढचंही ऐका. हीच आई खुरपणी उक्ती घेतली की पहाटेच शेतात जायची आणि दुपारपर्यंत रान मोकळं करून यायची. उक्त्यात काम विकलेलं असतं, दिवस नाही. तेव्हा दिवस बुडत नाही, उरतो. शेत तेच, बाई तीच, खुरपं तेच. बदलला फक्त ठराव. मग भाषा डोकं बदलते की ठराव भाषा बदलतो?

शुद्धमती: हे मला खरंच माहीत नव्हतं. पण ‘रोज’ फारसीतून आलाय, मराठी नव्हे.

माणदेशी: बरं. आईला कळवतो.

ऱ्हस्वदीर्घ: मूळ प्रश्न भाषांतरित मराठीचा आहे, आणि त्यावर कुणी बोलतच नाही. ‘मी तुझी मदत करतो’! मदत ‘तुला’ करतात हो, ‘तुझी’ नाही. जाहिरातीत तेच, बातम्यांत तेच. आधी हे थांबवा, रूपकं नंतर बघू.

रात्रपाळी: वेळेवरून आठवलं. आमचा क्लायंट अमेरिकेतला. बुधवारची मीटिंग ‘टू डेज फॉरवर्ड’ केल्याचा मेल आला. मी मनात वाचलं ‘दोन दिवस पुढे’ आणि निवांत शुक्रवार धरला. मीटिंग सोमवारी होऊन गेली. पुढचा आठवडाभर मी काय काय ऐकून घेतलं ते विचारू नका. तर मराठीत पुढे म्हणजे पुढेच ना? त्यांचंच डोकं फिरलंय ना?

कट्ट्यावरचा: अर्थात. पुढे म्हणजे नंतर. परीक्षा पुढे ढकलली म्हणजे उशिरा होणार. मराठी स्वच्छ भाषा आहे.

आकडेमोड: स्वच्छ? घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे म्हणजे ते उशिरा चालतंय का? आणि हीच मीटिंग ‘दोन दिवस मागे घेतली’ म्हणून बघा. अर्धं ऑफिस समजेल की रद्द झाली.

रात्रपाळी: ‘पुढे आणली’ म्हटलं तर? माझ्या टीमला विचारलं. दोघी म्हणाल्या सोमवार, एक म्हणाली शुक्रवार. चौथा म्हणाला, तारीख लिहीत जा.

कट्ट्यावरचा: ‘पुढे आणली’ असं कुणी बोलत नाही.

रात्रपाळी: आत्ताच तिघी बोलल्या!

जुना_प्रूफरीडर: भांडू नका, यात दोन वेगळी चित्रं आहेत. एकात आपण वाटेने चालतोय, म्हणून जे यायचंय ते पुढे आणि सरलं ते मागे. दुसऱ्यात आपण रस्त्याच्या कडेला उभे आहोत आणि दिवस दिंड्यांसारखे समोरून येताहेत. वारीत रथापुढची दिंडी तुमच्यापाशी आधी पोहोचते आणि रथामागची नंतर. या चित्रात पुढचं म्हणजे आधीचं. ‘गेला सोमवार’, ‘येता सोमवार’ हे याच चित्रातलं, आपण उभे आणि सोमवारच चालतोय. इंग्रजीतल्या ‘फॉरवर्ड’ला ही दोन्ही चित्रं चालतात, म्हणून तिथली माणसंही त्यावर फसतात.

मराठीत घोळ मिटवतं ते क्रियापद. ढकलायचं ते स्वतःपासून लांब, म्हणून ‘पुढे ढकलली’ म्हणजे नक्की उशिरा. आणायचं ते स्वतःकडे, पण आधी जोडलेला ‘पुढे’ लांब खेचतो, म्हणून तुमच्या टीमचा घोळ झाला. ‘अलीकडे घेतली’ म्हटलं असतं तर सोमवार पक्का.

कट्ट्यावरचा: ‘अलीकडे’ म्हणजे हल्ली.

जुना_प्रूफरीडर: अहो, नदीच्या अलीकडे म्हणजे हल्ली का? आपल्या बाजूला, तेच वेळेला लावलंय. जाऊ द्या.

ऱ्हस्वदीर्घ: ‘परवा’वर कुणी बोलणार आहे का? गेला परवा की येता परवा?

तळकोकण: परवा राहू द्या. एवढ्या चर्चेत शब्दांनी खरोखर नुकसान होतं का हे कुणी सांगितलं नाही, म्हणून घरचं सांगते. आमच्या काकांचा आणि बाबांचा आगराच्या बांधावरून वाद. पहिली दोन वर्षं गावातले म्हणायचे, ‘मिटवून टाका, चिघळू देऊ नका.’ म्हणजे जखम. मग वकील आले. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘आपण लढू.’ त्या दिवसापासून बाबा घरात ‘समोरची बाजू’ म्हणायला लागले. सख्ख्या भावाला! जखमेचं बोलत होतो तोवर आजी दोघांनाही जेवायला वाढत होती. लढाई झाल्यावर तिला विचारायला लागले, तू कुणाच्या बाजूची? अकरा वर्षं झाली. बांध हातभर रुंद आहे.

आकडेमोड: वाईट वाटलं वाचून. पण ताई, हे शब्दाने झालं की कोर्टाने? खटल्यात दोन पक्ष लागतातच, कुणी ‘लढू’ म्हणो न म्हणो. २०११ मधला एक प्रयोग सगळे नाचवतात. काल्पनिक शहरातली गुन्हेगारी काहींना श्वापद म्हणून सांगितली, काहींना विषाणू म्हणून. श्वापदवाल्यांनी पोलीस जास्त मागितले, विषाणूवाल्यांनी सामाजिक सुधारणा. भारी वाटतं. २०१४ मध्ये दुसऱ्या गटाने तेच पुन्हा करून पाहिलं तर रूपकाचा तसा परिणाम सापडला नाही. मूळ संशोधक आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. म्हणजे ‘शब्द बदला, डोकं बदलेल’ हे इतकं स्वस्तात मिळत नाही.

तळकोकण: प्रयोगात कुणी कुणाचा भाऊ नव्हता.

आकडेमोड: यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण पुरावाही नाही.

शुद्धमती: ठीक. ‘वाद जिंकणे’ जुनं असेल, मानते. ‘वेळ खर्च करणे’ माणदेशींच्या आईसाठी मानते. ‘क्वालिटी टाइम इन्व्हेस्ट करणे’ मात्र मरेपर्यंत मानणार नाही, मग प्रूफरीडरांनी कितीही पहाटे उठावं.

जुना_प्रूफरीडर: त्यावर आपलं एकमत आहे, याचा मला त्रास होतोय.

माणदेशी: तळकोकण ताई, आता कुठवर आलंय तुमचं?

तळकोकण: तारीख होती गेल्या मंगळवारी. पुढे ढकलली.