सुट्टीच्या मेलला सुट्टीचाच मेल उत्तर देत बसला, तर आवर कोणी घालायचा?

शिरोली_फाउंड्री:
दिवाळीला कारखाना पाच दिवस बंद होता. खरेदी विभागाच्या मेलला "कारखाना बंद आहे, अमुक तारखेला उघडेल" असं आपोआप उत्तर लावून ठेवलं होतं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी एका गिऱ्हाइकाच्या तक्रार कक्षाकडून ब्लोहोलच्या रिजेक्शनचा मेल आला. आमचं उत्तर गेलं, त्यावर त्यांची "तक्रार नोंदवली" अशी पोच आली, त्या पोचेला पुन्हा आमचं उत्तर. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जा-ये मिळून साधारण ११५० मेल झाले, २ जीबीची पेटी भरली आणि पुढच्या खऱ्या चौकश्या परत गेल्या. मालक म्हणतात, आपोआप उत्तर कायमचं बंद करा. माझं मत, चूक समोरच्यांची आहे. तुम्हाला काय वाटतं? आणि एवढ्या छोट्या मेलांनी २ जीबी भरतं कसं?

उद्यमनगर_जुना_गडी:
मालकांचं बरोबर हाय. आमच्या पेटीला असंच उत्तर लावलं होतं, तर जाहिरातीच्या रद्दी मेलांनाबी उत्तरं जायची. म्हणजे हा पत्ता चालू हाय, हे आपणच त्यास्नी सांगायचं. त्यात पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असला तर आपलं उत्तर भलत्याच माणसाच्या पेटीत जाऊन पडतं. त्या बिचाऱ्यानं आपल्याला कधी मेल केलेलाच नसतो. सुट्टी हाय हे गिऱ्हाइकाला आधी फोन करून सांगावं.

गोकुळ_शिरगाव_आयटी:
असं होऊच शकत नाही. प्रत्येक मेल सर्व्हरला फेऱ्यांची मर्यादा असते. पोस्टफिक्समध्ये `hopcount_limit` मुळातच ५० असतं. एकावन्नाव्या फेरीला सर्व्हरने मेल परत टाकायला हवा होता. तुमच्या होस्टिंगवाल्याने ती मर्यादा काढलेली दिसते, त्याला पकडा.

पाचगावची_मेलवाली:
दादा, ५० चा आकडा बरोबर आहे, पण तो ह्या दुखण्यावरचा नाही. सर्व्हर मोजतो ते एकाच मेलवरचे `Received` चे शिक्के. मेल ज्या ज्या सर्व्हरमधून जातो, तो सर्व्हर वर एक ओळ चिकटवतो. पत्ता बदलून पुढे पाठवलेल्या पाकिटावर पोस्टाचे शिक्के वाढत जातात, तसंच. उत्तर म्हणजे मात्र नवं पाकीट. त्याचा `Message-ID` नवा आणि शिक्के पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे अकराशेव्या मेलवरही पाच-सहाच `Received` ओळी असतील. फाउंड्रीवाल्या दादांनी कुठलाही एक मेल उघडून मोजून बघावं.

आता २ जीबीचं. मला वाटतं, दोन्ही बाजू खाली मूळ मेल जोडत होत्या. दर मेलाला ३ केबीची भर पडते असं धरा. पहिला मेल ३ केबी, दुसरा ६, तिसरा ९, असं करत ११५० वा साडेतीन एमबीच्या आसपास जातो. सगळ्यांची बेरीज साधारण २० लाख केबी, म्हणजे २ जीबी. आलेले आणि पाठवलेले दोन्ही एकाच पेटीत साठतात, म्हणून ती भरली. पेटी भरल्यावर त्यांची पोच आत येईना, म्हणून तुमचं उत्तर थांबलं. मिनिटाला एक मेल धरला तर ह्याला एकोणीस तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सुरू झालेलं दुसऱ्या दुपारीच संपतं.

दादा, एक सांगा. हे उत्तर मेलसेवेतल्या सुट्टीच्या सोयीतून लावलं होतं, की कुणी वेगळा रूल बनवला होता?

राजारामपुरी_सर:
माझ्याकडेही हेच झालं होतं. निवृत्तीनंतर कॉलेजच्या पत्त्यावरचे मेल घरच्या पत्त्यावर वळवले. घरच्या पेटीतून कॉलेजला वळवण्याची सोय आधीच चालू होती, ते लक्षात राहिलं नाही. एका विद्यार्थ्याचा मेल त्याच्याकडे `too many hops` असा शेरा घेऊन परत गेला. माझ्या सर्व्हरने थांबवलं, मग ह्यांच्या सर्व्हरने का नाही?

पाचगावची_मेलवाली:
सर, तुमच्याकडे एकच मेल दोन घरांत फिरत होता, नवा मेल कोणीच लिहीत नव्हतं. म्हणून शिक्के साठले आणि मर्यादा लागू झाली. ५० ची मर्यादा त्याच चक्रासाठी आहे.

शिरोली_फाउंड्री:
ताई, आत्ता मोजलं. शेवटच्या मेलवर `Received` सहाच आहेत. आणि हो, रूल होता. "येईल त्या मेलला हे उत्तर पाठव, खाली मूळ मेल जोड" असा. आधीच्या कारकुनाने बनवलेला, मी फक्त तारीख बदलली.

कळंबा_९९:
हॅक झालंय. लगेच पासवर्ड बदला, सगळ्या कॉम्प्युटरवर अँटिव्हायरस फिरवा.

शिरोली_फाउंड्री:
पासवर्ड पहिल्याच दिवशी बदललाय, भाऊ. मेल आमच्याच सर्व्हरवरून, आमच्याच रूलने गेले आहेत.

पाचगावची_मेलवाली:
मग माझं मत स्पष्ट सांगते. टाळी एका हाताने वाजत नाही. दोघांनी रीत पाळली असती तर हे चक्र दुसऱ्या मेललाच तुटलं असतं. ही रीत २००४ पासून आरएफसी ३८३४ ह्या इंटरनेटच्या मानक-पत्रात लिहून ठेवलेली आहे. यंत्राने पाठवलेल्या उत्तरावर ओळखीची खूण हवी, आणि तशी खूण दिसली की दुसऱ्या यंत्राने गप्प बसायचं. नीट घडवलेलं उत्तर पोचल्यावर असं दिसतं:

```
Return-Path: <>
Auto-Submitted: auto-replied
```

पहिली ओळ पाकिटावरचा परतीचा पत्ता. तो रिकामा आहे, म्हणजे परत काही पाठवायला जागाच नाही. मेल पोचला नाही असं कळवणारे सर्व्हरचे मेलही ह्याच कारणाने रिकाम्या पत्त्याने येतात. दुसरी ओळ सांगते, हे माणसाने लिहिलेलं नाही.

सुट्टीच्या सोयीत ह्याशिवाय आठवण ठेवलेली असते. जीमेल एकाच माणसाला चार दिवसांत एकदाच उत्तर देतं. शिवाय चांगली सोय आपला पत्ता `To` किंवा `Cc` मध्ये नसेल तर बोलतच नाही. तुमच्या रूलला ह्यातलं काहीच येत नाही. म्हणून आधी तो रूल काढा आणि सुट्टीची सोय वापरा. उत्तर बंद करायची गरज नाही.

तक्रारकक्ष_ताराबाई_रोड:
मी अशाच एका कक्षात काम करते, तुमच्या गिऱ्हाइकाच्या नव्हे. ताई, सुट्टीच्या उत्तराला रिकामा पत्ता ठीक आहे. आमच्या पोचेला नाही. पोच गिऱ्हाइकापर्यंत गेली नाही तर ते मला कळायला हवं. पत्ता रिकामा ठेवला तर न पोचल्याचा निरोप येणारच नाही, आणि गिऱ्हाईक म्हणणार, तुम्ही दखलच घेतली नाही. त्यात काही ठिकाणी रिकाम्या पत्त्याचा मेल रद्दी समजून नाकारतात, हे मी रोज बघते.

पाचगावची_मेलवाली:
तो नाकारणं चूक आहे, पण होतं खरं. त्याच आरएफसीत दुसरी वाट दिली आहे. पोचेसाठी वेगळा परतीचा पत्ता ठेवायचा, ज्यावर काहीही आलं तरी आपोआप उत्तर जात नाही. न पोचल्याचे निरोप तिथे येतील आणि चक्रही होणार नाही.

तक्रारकक्ष_ताराबाई_रोड:
तसा पत्ता आमच्याकडे होता. वर्षभर कोणी उघडला नाही. वाचायला माणूस नेमल्याशिवाय त्याचा उपयोग नाही, आणि माणूस मिळत नाही.

शिरोली_फाउंड्री:
ताई, रूलऐवजी सुट्टीची सोय असती आणि समोरच्या यंत्राने तरीही खूण पाहिली नसती, तर? त्यांची पोच दर वेळी वेगळ्या पत्त्यावरून यायची. `desk+48213@example.com`, पुढची `desk+48214@example.com`, अशी.

पाचगावची_मेलवाली:
हे तुम्ही फार महत्त्वाचं सांगितलंत. तुमच्या रूलच्या विषयात तक्रार क्रमांक नसायचा, म्हणून त्यांचं यंत्र दर वेळी नवी तक्रार उघडायचं आणि नव्या क्रमांकाचा पत्ता लावायचं. अशा वेळी "एका माणसाला एकदाच" ही आठवण फसते, कारण तिच्या लेखी प्रत्येक पोच नव्या माणसाची. रिकामा परतीचा पत्ताही पुरणार नाही, कारण पुष्कळ तक्रार यंत्रं पाकीट न बघता `From` वर उत्तर पाठवतात. मग तुमच्या बाजूने एकच उपाय उरतो. त्यांच्या पोचेवर `Auto-Submitted` आहे का ते बघायचं, आणि `no` सोडून त्यात काहीही असेल तर गप्प बसायचं. त्यांनी ती खूणही लावली नसेल, तर त्या डोमेनला तासाला किती उत्तरं द्यायची ह्याची मर्यादा घालायची.

गोकुळ_शिरगाव_आयटी:
मान्य, मी शिक्के आणि फेऱ्या एकच समजत होतो. पण मग माझं म्हणणं अजून पक्कं होतं. खुणा म्हणजे दुसऱ्याच्या भलेपणावर विसंबणं. मर्यादा आपल्या हातात असते. सर्व्हरवर एक आकडा घाला, विषय संपला.

तक्रारकक्ष_ताराबाई_रोड:
कुठला आकडा? तासाला दहा घातला आणि एखाद्या फाउंड्रीने एका दुपारी बारा रिजेक्शनचे मेल टाकले, तर शेवटचे दोन गेले की.

पाचगावची_मेलवाली:
मर्यादा पोचेवर घालायची, तक्रारीवर नाही. बाराच्या बारा नोंदवा, पोच फक्त दहा मेलांना पाठवा.

तक्रारकक्ष_ताराबाई_रोड:
आणि उरलेल्या दोन मेलांची पोच नाही म्हणून ते फोन करतात. सुटीत तो फोन उचलायला आमच्याकडे कोणी नसतं. हे मला अजून पटलेलं नाही.

उद्यमनगर_जुना_गडी:
ताई, खोट्या पत्त्याचं राहिलंच की. परक्याच्या पेटीत आपलं उत्तर जाणार, त्याचं काय?

पाचगावची_मेलवाली:
काका, तुमचा तो मुद्दा खरा आहे, आणि वरच्या दोन ओळींनी तो सुटत नाही. रद्दी म्हणून ठरलेल्या मेलला उत्तर द्यायचं नाही, एवढं करता येतं. गाळणीतून जो निसटला त्याला उत्तर जाणारच. अनोळखी माणसांना उत्तरच नको असेल, तर फक्त ओळखीच्या पत्त्यांना उत्तर देण्याची सोय पुष्कळ मेलसेवांत आहे. पण मग नव्या गिऱ्हाइकाला सुट्टी कळत नाही.

शिरोली_फाउंड्री:
रूल काढला, सुट्टीची सोय लावली आणि माझ्या घरच्या पत्त्यावरून मेल टाकून पाहिला. जीमेलच्या `Show original` मध्ये दोन्ही ओळी दिसतात, ताईंनी लिहिल्या तशाच. दुसरा मेल टाकला, त्याला उत्तर आलं नाही. समोरच्या कक्षालाही त्यांची पोच बिनखुणेची असल्याचं कळवलंय. मालकांना हे सगळं दाखवलं. ते म्हणाले, सध्या खरेदीच्या एकाच पेटीला लाव, विक्रीच्या पेटीला नको, तिथे नवी माणसं लिहितात. माझं मत उलटं आहे. नव्या माणसालाच तर कळायला हवं की कारखाना बंद आहे. उद्या पुन्हा बोलतो त्यांच्याशी.