कादंबरीचं कॅरोसेल: आधी मुखपृष्ठ की आधी उतारा?

कर्लीकाठ
कादंबरी गणपतीला, म्हणजे १४ सप्टेंबर २०२६ ला येतेय. डेमी आकार, २६४ पानं, किंमत ३८०, प्रकाशनपूर्व सवलतीत टपालासकट ३००. इन्स्टाग्रामसाठी सहा स्लाइड केल्यात: मुखपृष्ठ, लेखिकेचा फोटो, दीडशे शब्दांचा उतारा, एका वाचकाचा अभिप्राय, पैसे भरायचा क्यूआर, आभार. माझ्या मते मुखपृष्ठच पहिलं हवं. लेखिका म्हणते उतारा पहिला. तुमचं काय मत?

खिळाजुळारी
मुखपृष्ठ पहिलं ठेवा, पण फोटो काढा आणि त्या जागी उतारा आणा. पहिली स्लाइड बघून कुणी न सरकवता निघून गेलं, तर इन्स्टाग्राम बरेचदा तेच कॅरोसेल त्याला पुन्हा दाखवतं, आणि तेव्हा समोर दुसरी स्लाइड येते. तिथे लेखिकेचा फोटो असेल तर अनोळखी माणसाला काहीच कळत नाही. चार ओळींचा संवाद असेल तर तो थांबतो.

मुखपृष्ठ ताणून स्लाइडभर करू नका. डेमी पुस्तक साडेपाच बाय साडेआठ इंचांचं, स्लाइड १०८० बाय १३५० ची. प्रमाण जुळत नाही, त्यामुळे बाजूला जागा सुटणारच, सुटू द्या. शिवाय प्रोफाइलच्या जाळीत आता चौकट तीनास चार दिसते, म्हणजे दोन्ही बाजूंनी चौतीस-चौतीस पिक्सेल कापले जातात. नाव किंवा किंमत कडेला असेल तर पहिलं अक्षर गेलंच म्हणून समजा.

दीडशे शब्द मात्र बसणार नाहीत. अक्षर ४४ पिक्सेलचं आणि ओळींतलं अंतर ७० धरलं (देवनागरीला वर वेलांटी, खाली उकार, त्यामुळे एवढं लागतंच), तर वर-खाली मोकळी जागा सोडून पंधरा ओळी मिळतात, ओळीत सहा-सात शब्द. म्हणजे फार तर शंभर. दीडशे कोंबायला अक्षर पस्तिसाच्या आसपास आणावं लागेल, आणि फोनवर ते दोन मिलिमीटरच्या आसपास उरतं. साठ-सत्तर शब्दांवर या.

भरतीओहोटी
उतारा वाचतंय कोण? अंगठा फिरवत बसलेल्या माणसाला किंमत आणि क्यूआर हवा. मी तर म्हणेन क्यूआर पहिल्याच स्लाइडवर टाका. ज्याला घ्यायचंय तो लगेच घेईल.

खिळाजुळारी
ज्या फोनवर क्यूआर दिसतोय त्याच फोनच्या कॅमेऱ्याने तो स्कॅन कसा करायचा?

भरतीओहोटी
स्क्रीनशॉट घ्यायचा आणि यूपीआय ॲपमध्ये गॅलरीतून उचलायचा. सगळे करतात.

खिळाजुळारी
होतं, नाही म्हणत नाही. पण स्क्रीनशॉट, ॲप, गॅलरी, रक्कम, पिन, आणि मग परत येऊन पत्ता कुठे पाठवायचा ते शोधायचं. तेवढ्यात वरून दुसरा निरोप आला की माणूस तिकडे गेला. बरं, यूपीआय आयडी मथळ्यात लिहिला तर इन्स्टाग्रामच्या ॲपमध्ये मथळ्यातला मजकूर कॉपी होत नाही, दुवाही दाबता येत नाही. बघून टाइप करायला लागतो, आणि एक अक्षर चुकलं की पैसे भलत्याच माणसाला जायची भीती. क्यूआर हवाच असेल तर कुडाळ-मालवणच्या पुस्तकांच्या दुकानांत छापील पत्रकावर लावा, तिथे तो उत्तम चालतो.

आंबेवाला_देवगड
आमच्याकडे हापूसच्या पेट्यांना हेच होतं. क्यूआर पाठवला की लोक पैसे टाकून मोकळे होतात, पत्ता देत नाहीत. बँकेत पैसे आले एवढंच कळतं. तुम्ही पेटीवर क्यूआर चिकटवून बघा, बरं पडतं.

कर्लीकाठ
अहो, पुस्तक विकायचंय, आंबे नाही. पेटी कुठली आणू?

खिळाजुळारी
पेटी सोडा, पत्त्याचं म्हणतायत ते अगदी खरं. आधी पत्ता, मग पैसे, हा क्रम ठेवा. प्रोफाइलच्या परिचयात एकच दुवा द्या, जो दाबला की व्हॉट्सॲप उघडेल आणि निरोप आधीच लिहिलेला असेल:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Kadambari%20havi
```

एक्सच्या जागी तुमचा दहा आकडी नंबर. ९१ च्या आधी अधिकचं चिन्ह नको, शून्य नको. निरोप देवनागरीत टाकला तर दुव्यात टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ तयार होते आणि कॉपी करताना मध्येच तुटते, म्हणून रोमनमध्येच ठेवा. निरोप आला की उत्तरात नाव, पत्ता, पिनकोड, फोन मागा. ते आले की यूपीआय आयडी पाठवा, व्हॉट्सॲपवर तो कॉपी होतो. पैसे भरल्यावर व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक मागा आणि तो बँकेच्या नोंदीशी ताडून बघा. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, खोटे बनवणारे आहेत.

मग शेवटच्या स्लाइडवर तीनच ओळी पुरतात: सवलतीची किंमत, शेवटची तारीख, आणि ‘प्रोफाइलमधला दुवा दाबा’. आभाराची स्लाइड उडवा.

भरतीओहोटी
म्हणजे शंभर जणांशी शंभर वेळा व्हॉट्सॲपवर बोलत बसायचं. त्यापेक्षा गुगल फॉर्म बरा.

खिळाजुळारी
पन्नासच्या पुढे गेलात तर फॉर्म बरा, कबूल. पण फॉर्म भरून पैसे न देणारेही पुष्कळ असतात. व्हॉट्सॲपवर त्यांना आठवण तरी करता येते.

सड्यावरची
उतारा इथे टाका ना कुणीतरी. त्याशिवाय काय बोलणार?

कर्लीकाठ
सुरुवात अशी: ‘श्रावणातलं आभाळ खाडीवर ओणवं झालं होतं. माडांच्या झावळ्यांतून पाणी निथळत होतं आणि पडवीतल्या कंदिलाची काच काजळली होती…’ अशा आठ ओळी, आणि मग:

‘बापूस खंय गेलो?’
आयेने जाळ्याची गाठ सोडवणं थांबवलं नाही. ‘तुका सांगलंय ना, आज दर्यात जाव नको.’
‘मी माझा नाय इचारलंय.’

सड्यावरची
आठ ओळी पाऊस कशाला? संवादापासूनच सुरू करा. गाठ सोडवणं न थांबवणारी आई दिसली की पाऊस आपोआप दिसतो. आणि ‘मी माझा नाय इचारलंय’ यावरच थांबा. पुढची ओळ काहीही असली तरी नको.

भरतीओहोटी
मालवणी पुण्या-नागपूरकडच्यांना कळणार नाही. प्रमाण मराठीत करून टाका, निदान जाहिरातीपुरतं.

सड्यावरची
पुस्तकात मालवणी आणि जाहिरातीत प्रमाण, मग पुस्तक उघडल्यावर वाचक म्हणणार फसवलं. ‘बापूस खंय गेलो’ यातलं एकही अक्षर न कळणारा मराठी माणूस मला दाखवा. अडेल असा शब्द असेल तर वेगळी ओळ निवडा. स्लाइडवर कंसात अर्थ मात्र देऊ नका, संवादाची लय जाते.

भरतीओहोटी
‘खंय’ अडतो हो. विदर्भातल्या दोघातिघांना दाखवून बघा, मग बोला.

खिळाजुळारी
दाखवाच, दोन मिनिटांचं काम आहे.

तोवर अक्षरांकडे लक्ष द्या. छपाईची फाइल जुन्या फॉन्टमध्ये असेल आणि तिथून मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला असेल, तर ‘दर्या’ आणि ‘वाऱ्या’ नीट बघा. दर्यातला र रफाराचा, यच्या डोक्यावर. वाऱ्यातला अर्धा र आडवा, यच्या आधी. रूपांतरात बरेचदा दोन्ही सारखेच होतात. मग ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ होतं, किंवा उलट, ‘दर्यात’चं ‘दऱ्यात’ होऊन तुमची बाई समुद्राऐवजी डोंगरदऱ्यांत निघते. टाइप करताना आडव्या रसाठी नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य. चित्र तयार झालं की ते फोनवरच मोठं करून वाचा, संगणकाच्या पडद्यावर ही चूक डोळ्याला लागत नाही.

सड्यावरची
आणि अभिप्राय कुठला घेतलाय?

कर्लीकाठ
हस्तलिखित वाचलेल्या एका बाईंचा. पूर्ण निरोप: ‘मधली शंभर पानं जरा संथ वाटली, पण बापूस परत येणार नाही हे मुलीला कळतं ते प्रकरण वाचताना वही खाली ठेवून अंगणात जाऊन आले.’ संथवालं काढून उरलेलं घेतलंय.

सड्यावरची
घात केलात की! दुसऱ्या स्लाइडवर ‘बापूस खंय गेलो’ असं विचारताय आणि अभिप्रायाच्या स्लाइडवर उत्तर देऊन टाकताय. ‘ते प्रकरण वाचताना वही खाली ठेवून अंगणात जाऊन आले’ एवढंच ठेवा. सुरुवातीला तीन टिंबं द्या, म्हणजे वाक्य कापलंय हे दिसेल. कापलेलं रूप बाईंना पाठवा आणि ‘चालेल’ असं लेखी घ्या. खाली ‘हस्तलिखिताच्या वाचक’ असं लिहा. पुस्तक अजून बाजारात नसताना नुसतं ‘एक वाचक’ लिहिलं की घरचंच कुणीतरी आहे असं वाटतं. खरंच नात्यातल्या असतील तर दुसरा अभिप्राय शोधा.

भरतीओहोटी
संथवालं काढणं मला पटत नाही. निम्मं मत लपवलंत की. उलट ते ठेवलं तर पुढच्यावर विश्वास बसतो.

सड्यावरची
जाहिरातीत आपणच संथ म्हणायचं? ते परीक्षणात येईल, तिथेच शोभतं.

भरतीओहोटी
तुमचं तुम्हाला. मी असतो तर ठेवलं असतं.

टपालपेटी
तारखेचं कुणी बोललंच नाही. १४ सप्टेंबरला प्रकाशन आणि त्याच दिवशी टपालात टाकणार असाल तर मुंबईतल्या चाकरमान्यांची घरं कुलूपबंद असणार. सगळे इकडे आलेले. डाक दोनदा फिरून परत येईल आणि परतीचा घोळ तुमच्या माथी. पत्ता विचारतानाच विचारा: गणपतीत पुस्तक मुंबईला पाठवायचं की गावी? नोंदणी २८ ऑगस्टला बंद करा आणि प्रती सप्टेंबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत रवाना करा. छपाई तोवर होत नसेल तर स्लाइडवर सरळ ‘विसर्जनानंतर पाठवू’ असं लिहा.

वजनही आत्ताच करा. ७० ग्रॅमच्या कागदावर २६४ पानं म्हणजे नुसतं पुस्तक पावणेतीनशे ते तीनशे ग्रॅम. प्लॅस्टिकची पिशवी (पावसात ती हवीच) आणि पुठ्ठा धरून तीनशेच्या वर जातं. टपालखात्याच्या पुस्तकांसाठीच्या ज्ञान पोस्ट सेवेचा पहिला टप्पा तीनशे ग्रॅमपर्यंत, वीस रुपये अधिक कर. तुम्ही पुढच्या टप्प्यात जाल.

कर्लीकाठ
ज्ञान पोस्टने कादंबरी घेतात का? रजिस्टर्ड बुकपोस्ट तर बंद झालं.

टपालपेटी
तिथेच मेख आहे. ज्ञान पोस्टच्या नियमात अभ्यासाची पुस्तकं आणि सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक साहित्य असं आहे, व्यापारी प्रकाशनं नाहीत. कादंबरी कशात बसते हे खिडकीवरच्या माणसावर. एक प्रत आणि मुद्रक-प्रकाशकाचं नाव असलेलं पान घेऊन आधी विचारून या. तीनशेची किंमत ठरवताना मात्र स्पीड पोस्टचा दर धरा. रजिस्टर्ड पोस्टही २०२५ पासून त्यातच विलीन झालंय.

कर्लीकाठ
सोमवारी विचारून येतो. स्लाइड चारवर आणल्या: मुखपृष्ठ, संवाद, अभिप्राय, नोंदणी. लेखिकेला फोटो हवाच आहे, तिला कोण समजावणार?

आंबेवाला_देवगड
फोटो पाचवा टाका. तिच्या घरचे तरी शेवटपर्यंत सरकवतील.