अर्धी टोपली भरायची आहे, पण आंबे जुळे दिसायला नकोत

करवंदी: हापूसच्या टोपलीचा फोटो आहे. सात आंबे आहेत, मागची बाजू आणि उजवा कोपरा रिकामा, तिथे पेंढा दिसतोय. आंबे विकून झाले आणि पोस्टर परवा छापायला जायचंय. फोटोशॉपमध्ये Clone Stamp ने भरून पाहिलं, तर एकच आंबा तीनदा बसलेला लगेच ओळखू येतो. नक्कल दिसू नये म्हणून काय करता? की हे करूच नये?

झटपट: एवढं काय त्यात! ब्रश एकदम मऊ ठेवा, Alt दाबून आंब्यावर क्लिक करा, रिकाम्या जागी फिरवा. एकसारखे दिसू नयेत म्हणून प्रत्येक नक्कल आडवी उलटवायची, `Clone Source` च्या खिडकीत ती सोय आहे. शेजारी शेजारी ठेवू नका, म्हणजे झालं. पोस्टरवरचे आंबे कोण निरखून बघतंय?

कातरकाम: शेजारी ठेवू नये हे बरोबर. बाकीचं पटत नाही. मऊ ब्रशने आंब्याची कड धुरकट होते आणि शेजारचे खरे आंबे धारदार राहतात, म्हणजे नक्कल तिथेच उघडी पडते. उलटवण्याचं तर त्याहून वाईट. फोटोत उजेड डावीकडच्या खिडकीतून येत असेल, तर प्रत्येक आंब्याच्या डाव्या खांद्यावर चमक असते. उलटवलेल्या आंब्याची चमक उजवीकडे जाते. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं. उलटवायचाच असेल, तर ज्याची चमक दुसऱ्या आंब्याआड झाकली जाणार आहे असाच उलटवा.

मुळात नक्कल पकडली जाते ती आंब्याच्या आकारामुळे कमी आणि खुणांमुळे जास्त. देठाजवळचा चिकाचा डाग, काळा ठिपका, चमकेचा आकार आणि बाह्यरेषेतला एखादा बाक, यातलं काहीही दोनदा दिसलं की संपलं. म्हणून आख्खा आंबा दाखवायचाच नाही. करवंदी, तुम्हाला पाच आंबे लागतील असं धरू. त्यातले तीन मागच्या रांगेत बसवा आणि प्रत्येकाचा वरचा तिसरा हिस्सा तेवढा दिसू द्या.

करायचं असं. लॅसोने एक आंबा कापा, `Ctrl+J` ने वेगळ्या लेयरवर घ्या आणि तो लेयर पुढच्या आंब्यांच्या मागे न्या. त्यासाठी पुढच्या आंब्यांचीही कापलेली प्रत वरच्या लेयरवर हवी, नाहीतर मागचा आंबा पुढच्यावर चढतो. मग `Ctrl+T` ने दहा-पंधरा अंश फिरवा आणि मागे आहे म्हणून थोडा लहान करा. त्यापेक्षा जास्त फिरवला, तर चमकही फिरते आणि पुन्हा तोच घोळ. यानंतर हीलिंग ब्रशने त्याचे ठिपके पुसा आणि दुसऱ्याच एखाद्या आंब्यावरचा डाग तिथे आणून ठेवा. तिन्ही नकला वेगवेगळ्या आंब्यांपासून घ्या. अंतरंही सारखी ठेवू नका, कारण डोळा समान अंतर फार पटकन पकडतो.

ग्राहकपेठ: कसं करायचं हे ठीक, पण करवंदीताईंनी दुसरा प्रश्नही विचारलाय. टोपलीत सात आंबे असताना बारा दाखवायचे आणि त्यावर पैसे घ्यायचे? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये फसव्या जाहिरातीवर दंडाची तरतूद आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये बैरूतच्या फोटोत धूर असाच क्लोन करून वाढवला होता. वाचकांना एकाच वळणाचे लोट दिसले आणि रॉयटर्सला फोटो मागे घ्यावा लागला.

कातरकाम: बातमीचा फोटो म्हणजे पुरावा असतो, तिथे एक ठिपकासुद्धा हलवू नये. हे पोस्टर आहे. विकताना डझनाची टोपली देणार असाल आणि फोटोत बारा आंबे असतील, तर गिऱ्हाइकाला जे मिळणार तेच दिसतंय.

ग्राहकपेठ: पण मग ठिपके कशाला पुसताय? गिऱ्हाइकाला ठिपक्यांसकटच मिळणार ना?

कातरकाम: सगळे पुसू नका असंच म्हणतोय. एका आंब्याचा ठिपका दोनदा दिसू नये एवढंच. प्रत्येकाला स्वतःचा डाग राहू द्या. बारा चकचकीत निर्दोष आंबे तसेही खोटेच वाटतात.

ग्राहकपेठ: डाग उसने घेतलेले असले तरी? नाही पटत. निदान खाली "चित्र केवळ दर्शनासाठी" एवढं तरी छापा.

तिपाई: अहो, नकला कशाला? कॅमेरा तिपाईवर पक्का करा, फोकस आणि एक्स्पोजर हाताने बांधून टाका. आहेत तेच सात आंबे आधी पुढे लावून एक फोटो, मग मागे नेऊन वेगळ्या बाजूंनी फिरवून दुसरा. दोन्ही फोटो एकावर एक ठेवून मास्कने जोडा. प्रत्येक आंब्याची चमक खरी आणि सावलीही खरी, नक्कल कुठेच नाही. टोपली मात्र तसूभरही हलता कामा नये आणि ढगाळ दिवशी भराभर उरका, उजेड बदलला की जोड दिसतो.

करवंदी: पद्धत आवडली, पण आंबे उरले नाहीत हो. पुढची पेटी आठवड्याने येणार.

तिपाई: ते वाचायचं राहिलं! मग पुढच्या वेळी. तरी माझं मत तेच, नकलेला इतका वेळ घालवण्यापेक्षा आधीच दोन फोटो जास्त काढावेत.

बरणीवाली: माझ्याकडेही हेच. लोणच्याच्या बरण्यांचं फडताळ आहे, उजवी बाजू रिकामी. बरण्या मुळातच एकसारख्या, त्यामुळे सरळ कॉपी करून लावल्या. तरी विचित्र दिसतंय, का ते कळत नाही. आंब्याचे डाग वगैरे माझ्या काही कामाचं नाही.

कातरकाम: तुमचं उलटं आहे. बरण्या सारख्या दिसल्या तर कुणाला काही वाटत नाही, पण कॅमेरा फडताळाच्या मधोमध होता ना? मग डाव्या बरणीची थोडी उजवी कड दिसते आणि उजव्या बरणीची डावी. डावीकडची उचलून उजवीकडे ठेवली की तिची चुकीची कड दिसते. म्हणून उजवीकडच्याच टोकाच्या बरण्या घ्या. शिवाय काचेवरची खिडकीची पांढरी पट्टी आणि तेलाची पातळी प्रत्येकीत थोडी वेगळी करा. सगळ्यांत तेल एकाच रेषेवर आलं की शिक्का मारल्यासारखं दिसतं. लेबल उलटवू नका, अक्षरं उलटी होतील हे सांगायला नको.

झटपट: एवढ्या उपद्व्यापात नव्या चार बरण्या भरून झाल्या असत्या.

करवंदी: मागचे तीन बसले! फोटो अगदी लहान करून आणि आडवा उलटवून पाहिला, जुळे दिसत नाहीत. उजव्या कोपऱ्यातला मात्र वरून चिकटवल्यासारखा वाटतो.

कातरकाम: त्याच्याखाली काय केलंय? जिथे तो पेंढ्याला टेकतो तिथे अगदी बारीक, जवळजवळ काळी रेघ हवी आणि तिच्यापासून उजवीकडे फिकट होत जाणारी सावली. नवा लेयर `Multiply` वर ठेवा, रंग शुद्ध काळा न घेता पेंढ्याचाच गडद तपकिरी घ्या. शेजारच्या खऱ्या आंब्याची पिवळसर झाकही याच्या कडेवर पडायला हवी, ती एक-दोन फटकाऱ्यांत येते. आणि पेंढ्याच्या तीन-चार काड्या याच्यावरून जाऊ द्या. मास्कवर बारीक कडक ब्रशने काड्यांच्या रेषेत काळं ओढलं की खालच्या फोटोतल्या खऱ्या काड्या वर येतात. सावली घालूनही तो तरंगत राहिला, तर आंबा दोन-तीन पिक्सेल खाली सरकवून बघा.