बचत गटाचं काम बायोडाटात "अनुभव" म्हणून लिहायचं का?

मूळ प्रश्न: बारावी झाली आहे, वय 38, लग्नानंतर नोकरी नाही. 2018 ते 2024 गावच्या बचत गटाची सचिव होते. तालुक्यातल्या शेतकरी उत्पादक कंपनीत हिशेब-मदतनीस हवी आहे. अनुभवाच्या रकान्यात मिस्टर म्हणतात "निरंक" लिही. काय करू? – एक ताई, दारव्हा तालुका

आर्वीकर: मिस्टरांचं बरोबर आहे. गट म्हणजे नोकरी नव्हे. सरकारी भरतीत जाहिरातीत मागितलेल्या अनुभवाचा दाखला लागतो, तिथं हे चालत नाही.

हिशेबनीस काकू: भाऊ, सरकारी भरतीचं कोणी विचारलंच नाही! मी अशाच कंपनीत माणसं निवडायला बसते. "सचिव म्हणून काम केले" एवढ्यावर माझी नजर थांबत नाही. असं लिहा: "सचिव, महिला बचत गट, 11 सभासद, 2018–2024. दरमहा सभासदामागे 100 रु. बचत, रोखवही, कर्ज खातेवही आणि इतिवृत्त स्वतः लिहिले." म्हणजे सहा वर्षांत 79,200 रुपयांची नुसती बचत तुमच्या हातून गेली, हे वाचणाऱ्याला कळतं. पण वही गावातली सीआरपी, म्हणजे गटांना मदत करणारी बाई, लिहायची आणि तुम्ही नुसती सही करायच्या, असं असेल तर "लिहिले" म्हणू नका. मी मुलाखतीत लगेच कागद पुढे करते: आरंभीची शिल्लक 640, बचत 1,100, कर्जवसुली 2,200, व्याज 240, कर्जवाटप 3,000, बँकेत भरणा 1,000. पेटीत किती उरले? जिनं वही लिहिली ती 180 सांगते. जिनं नाही, ती बँकेतला भरणा वजा करायचं विसरते आणि 1,180 म्हणते.

वऱ्हाडी पोट्टी: काहून लाजता ताई, लिहा ना! मी तर एक्सेल मोबाईलवरच शिकली. बायोडाटात "संगणकाचे ज्ञान" लिहिलं, अन् त्यायनं समोर कॉम्प्युटर ठेवला तं माऊसच हातात बसेना.

काकू: म्हणूनच "ज्ञान" लिहायचं नाही, येतं ते लिहायचं. "एक्सेलमध्ये `=SUM(C2:C12)` ने 11 सभासदांची मासिक बेरीज, थकीत हप्ते फिल्टरने काढणे." आणि आठवडाभर कॉम्प्युटरवर बसून बघायचं.

सुमनताई: आमच्या गटाचं कर्ज बँकेनं आठ महिने अडकवलंय, त्याचं कोणाला माहीत आहे का?

आर्वीकर: ताई, तो धागा वेगळा. काकू, समजा लिहिलं, पण पुरावा? पगाराची पावती तर नाही.

काकू: ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या सगळ्या गटांच्या संघाच्या, लेटरहेडवर कालावधी आणि काम लिहून अध्यक्षांची सही घ्यावी. वहीची पानं न्यायची तर कर्जदार बायांची नावं झाकून. उघडी पानं आणली तर मी म्हणते, उद्या आमच्या सभासदांचे हिशेबही अशीच गावभर दाखवेल.

आर्वीकर: अध्यक्ष सही देत नसतील तर?

ताई (मूळ प्रश्न): तेच तर. आमच्या अध्यक्ष माझ्या जाऊबाई आहेत, आणि सध्या बोलणं बंद आहे.