मदत हवी आहे : पठारावरच्या कोरड्या वाऱ्यासाठी लेदर जॅकेट घ्यावे की लोकरी कोट?

पठारावरचा (सातारा)
नमस्कार. मी चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीचे काम करतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दुचाकीने निघतो. ठोसेघर मागे पडले की कोरडा वारा अंगात शिरू लागतो आणि वर पोहोचल्यावरही तासभर उघड्यावर उभे राहावे लागते. दोन वस्तू पाहून ठेवल्या आहेत. एक मेंढीच्या चामड्याचे जॅकेट, ज्याला आतून साटीनचे अस्तर आहे; दुसरा गुडघ्यापर्यंतचा लोकरी कोट, ज्याचे अस्तर पाठीत निम्म्यावरच थांबते. किंमत जवळपास सारखी असल्यामुळे एकच घेता येईल. कोणते घ्यावे, माप कसे पारखावे आणि पावसाळ्यात ते कसे सांभाळावे?

विश्रामबागकर (सांगली)
डोळे झाकून लेदर घ्या. चामडे जितके जाड तितकी ऊब जास्त. माझे जॅकेट १२ वर्षांचे आहे. दर दिवाळीला खोबरेल तेल चोळतो, अजून चीर नाही.

जुना शिंपी (कराड)
विश्रामबागकरांचे निम्मे बरोबर आहे. चामडे वारा अडवते, पण स्वतः फारशी ऊब धरत नाही. ऊब असते ती कपड्यात कोंडलेल्या हवेची. लोकर ही हवा उत्तम धरते, मात्र वीण सैल असेल तर वारा ती पार काढून नेतो. दुकानात कोटाच्या एकेरी कापडाला, म्हणजे जिथे अस्तर नाही तिथे, तोंड लावून जोरात फुंकर घाला आणि पलीकडे ओला तळवा धरा. तळव्याला गार झुळूक लागली तर तो कोट पठारावर उपयोगाचा नाही. तुम्ही म्हणता तो कोट पाठीत खाली एकेरीच राहणार, शिवाय गाडीवर त्याचे पदर उडून पोटाशी वारा घेणार.

म्हणून तुमच्यासाठी जॅकेट, आणि त्याच्या आत अंगाबरोबरचा लोकरी स्वेटर. चेनच्या मागे पट्टी आहे ना, हे आधी पाहा. नसेल तर दातांमधून वारा थेट छातीवर येतो. स्वेटर घालूनच माप घ्या आणि दुकानाबाहेर गाडीवर बसून हँडल धरा. मनगट उघडे पडता कामा नये आणि कंबरेमागे शर्ट दिसता कामा नये. कोपराशी चामडे पुढे थोडे सैलावते, पण बाहीची लांबी वाढत नाही, त्यामुळे "वापरून होईल" या शब्दावर जाऊ नका. फार ढगळही नको, कारण मग खालून वारा शिरून आतली हवा प्रत्येक खड्ड्याला बाहेर फेकली जाते.

माणदेशी
एवढा खर्च कशाला? आमच्याकडे मेंढरांमागे रात्र काढणारे घोंगडीवर भागवतात.

जुना शिंपी (कराड)
घोंगडी वारा अडवते त्याचेही कारण आहे. तिला चिंचोक्याची खळ देतात आणि खळीने विणीतली भोके बुजतात. मात्र ती पांघरून गाडी कशी चालवायची, हे तुम्हीच सांगा.

वाईची सून
आमच्या सासूबाईंचा लोकरी कोट चांगला आहे, पण गेल्या वर्षी पेटीतून काढला तर काखेत आणि कॉलरखाली कसरीने खाल्लेली भोके. न झटकता, घामासकट ठेवला होता. लेदरला कसर लागते का?

जुना शिंपी (कराड)
लेदरला बुरशीचे भय अधिक. लोकरी कपडा ब्रशने झटकून, घामाचे डाग काढून, पूर्ण वाळवूनच बंद करावा. नुसत्या डांबर गोळ्यांवर विसंबू नये. जॅकेट रुंद खांद्याच्या हँगरला, सुती पिशवीत टांगावे, प्लॅस्टिकमध्ये नाही, आणि पावसाळ्यात उघडीप पडली की सावलीत हवेवर ठेवावे. भिजले तर चुलीपाशी किंवा उन्हात धरू नये, चामडे कडक होते. खोबरेलने रंग काळपटतो आणि धूळ धरते. लेदरचे क्रीम आधी आतल्या कडेला लावून पाहावे, मग वर्षातून एकदा पातळ हात फिरवावा.

विश्रामबागकर (सांगली)
माझे जॅकेट मुळात काळेच आहे, त्यामुळे रंगाचे कळले नसावे.

पठारावरचा (सातारा)
आज दुकानात जाऊन आलो. कोटातून झुळूक स्पष्ट लागली. जॅकेटचे ४० माप स्वेटरवर छातीत बसले, पण हँडल धरताच बाह्या दोन बोटे वर गेल्या; ४२ मध्ये मनगट झाकते, मात्र कंबरेशी मूठभर जागा राहते. साटीन सकाळी गार लागेल असे वाटते. अंगाच्या भागात पातळ वॅडिंग घालून चौकडीत शिवलेले अस्तर बसवून घेतले तर ४२ ची ती जागा भरेल का?

जुना शिंपी (कराड)
छातीत भरेल, कंबरेत पूर्ण नाही. तिथे बाजूला पट्टे किंवा खाली इलॅस्टिक आहे का ते पाहा. बाह्यांत साटीनच राहू द्या, नाहीतर स्वेटरवरून हात सरकणार नाही. आणि कारागिराला एवढे बजावा की टाके जुन्याच छिद्रांतून घालावेत; चामड्याला पडलेले सुईचे भोक कापडासारखे बुजत नाही. मेंढीचे चामडे मऊ असल्याने ते उसवताना ताणू शकते, म्हणून नवेकोरे जॅकेट लगेच उसवायला मी स्वतः धजावलो नसतो.

विश्रामबागकर (सांगली)
आधी एक हिवाळा दोन स्वेटरांवर काढून बघा की.

पठारावरचा (सातारा)
दोन स्वेटर घातले तर ४२ ची बाही परत वर जाईल का, हे उद्या गाडीवर बसूनच पाहतो.